पाहुण्यांशी वागणूक

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पाहुणीबाई म्हणतात. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की पाहुणीबाई. त्यांना हे माहीत नसेल असं समजायचं कारण नाही. दोन खोल्यांचं ऑफिस, मधली भिंत प्लायवूडची, आणि आमचे साहेब कुजबुजले तरी जिन्यापर्यंत ऐकू जातं. बाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, निदान मला तरी तसं वाटायचं. माणसाच्या मनाला काय लागतं याबाबत माझा अंदाज किती कच्चा आहे, ते पुढे कळेलच.

आमचं काम लग्नं जमवण्याचं नाही, जमलेली लग्नं पार पाडायचं आहे. हॉल, सजावट, जेवण, फोटोग्राफर, यातलं कोण चांगलं ते लोकांना कळत नाही. मग ते आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांच्यापुढे यादी सरकवतो. त्यात फोटोग्राफरचं दुखणं निराळं. जेवण फसलं तर लोक आठ दिवस बोलतात आणि विसरतात. फोटो फसले तर ते जन्मभर कपाटात पडून राहतात आणि कोणी पाहुणा आला की पुन्हा बाहेर निघतात. म्हणून फोटोग्राफरला आम्ही चार गोष्टींवर गुण देतो: हातात पडलेला अल्बम कसा आहे, माणूस वेळेवर आला का, एडिटिंगला किती दिवस लावले, आणि पाहुण्यांशी कसा वागला. प्रत्येकी पाचपैकी. यातल्या कुठल्याही एका गोष्टीची सरासरी साडेतीनच्या खाली गेली की तो पहिल्या यादीतून उतरतो. पहिल्या यादीतून उतरलेल्याला काम मिळतं, नाही असं नाही, पण ते दुसऱ्या कोणी नाकारलेलं असतं.

यातलं अर्धं काम माझं. अल्बम घरी पोचला की आठ दिवसांनी मी त्या घरी फोन करते आणि चार प्रश्न विचारते. ऐकायला सोपं वाटतं. एडिटिंगचेच दिवस घ्या. आमच्या नियमाप्रमाणे ते कधीपासून मोजायचे, तर घरच्यांनी अल्बमसाठी निवडलेले फोटो फोटोग्राफरकडे पोचले त्या दिवसापासून. लोक मोजतात लग्नापासून. स्वतः मात्र निवड करायला दोन-दोन महिने लावतात, कारण नवऱ्याच्या आत्याला कुठल्या फोटोत आपण बारीक दिसतो ते ठरवता येत नाही. मग मला तारखा मागून घ्याव्या लागतात, वाद घालावा लागतो, शेवटी 'बरं, चार लिहा' असं नाक मुरडून निघतं. दिवसाला असे दहा-बारा फोन. घरी गेल्यावर सासूबाई म्हणतात, तुझा आवाज बसलाय. बसेल नाही तर काय करेल?

उरलेलं अर्धं काम बाईंचं. दर तीन-चार लग्नांमागे एकाला त्या स्वतः जातात. घरच्यांना बुकिंगच्या वेळी एवढंच सांगितलेलं असतं, की आमच्याकडून कोणीतरी तासभर डोकावून जाईल. कोण आणि कधी, ते सांगत नाही. फोटोग्राफरला तर काहीच कळता कामा नये, सगळी मदार त्या न कळण्यावर. बाई मुहूर्ताच्या सव्वा तास आधी हजर होतात, फोटोग्राफर कधी आला, दिवे कधी लावून झाले ते टिपतात, आणि मग शेवटच्या रांगेत जाऊन बसतात. चौथा रकाना भरायला. नवरानवरीच्या आईबापांशी कुठलाही फोटोग्राफर गोडच वागतो. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याच्यामुळे काही अडत नाही, अशा पाहुण्याशी तो कसा वागतो ते बघायचं असतं. त्यासाठी कोणी ओळखत नाही असा एक पाहुणा लागतो. तो पाहुणा म्हणजे बाई.

नवऱ्याकडच्यांना त्या नवरीकडच्या वाटतात, नवरीकडच्यांना नवऱ्याकडच्या. कोणी विचारलंच तर बाई म्हणतात, 'आमचं जुनं जाणं-येणं.' तेवढं पुरतं. अकरा वर्षांत एकदाही कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. त्या हसत सांगत होत्या, म्हणून मीही हसले.

बाईंचं स्वतःचं लग्न झालं नाही. आई लवकर गेली, वडील अंथरुणाला खिळले, त्यांचं सगळं करता करता वय निघून गेलं. वडील गेले तेव्हा बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा नोकरी शोधत होत्या. साहेबांनी त्यांना बघितलं आणि म्हणाले, अशीच बाई पाहिजे, चारचौघांत असून नसल्यासारखी. हे त्यांच्या तोंडावर म्हणाले, बरं का. आमच्या साहेबांच्या जिभेला हाड नाही. बाई दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या. करड्या रंगाचे कपडे, मांडीवर जुनी पर्स, पर्समध्ये बोटाएवढी वही. एक बहीण आहे, दूरच्या गावी, ती महिन्यातून एकदा फोन करते आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलते.

आता टोपीवाला. त्याला खरं नाव आहे, पण बारा महिने डोक्यावर टोपी, म्हणून आमच्याकडे तो टोपीवालाच. पस्तिशीचा, उंच, हातात कसब असलेला माणूस. त्याचे अल्बम बघत राहावे असे. पानाच्या घडीत कधी कोणाचा चेहरा सापडायचा नाही, मिटलेले डोळे नाहीत, एकच पोज चारदा नाही, छपाईत कोणी लालबुंद किंवा पिवळं दिसायचं नाही. वेळेलाही पक्का. एडिटिंगला चाळीस दिवस म्हणाला तर अडतिसाव्या दिवशी अल्बम दारात. घोडं अडायचं ते चौथ्या रकान्यात. सहा वर्षांपूर्वी, तो नवीन होता तेव्हा, बाईंनी त्याला वागणुकीत दोन दिले होते. आणि मग हळूहळू काय झालं कोण जाणे, बाईंच्या फॉर्मवर तीन आले, चार आले, आणि गेली चार वर्षं सरळ पाच. माझ्या फोनवर मात्र घरचे लोक दोन-अडीचच्या वर जात नव्हते. दोन्हींची सरासरी काढली की तो कसाबसा साडेतीनच्या वर तरंगायचा. बाईंच्या पाचांवर तरंगायचा, असंच म्हणा ना.

मी एकदा बाईंना हे बोलून दाखवलं. त्या चक्क रागावल्या. म्हणाल्या, घरचे लोक त्या दिवशी इतके गडबडीत असतात, त्यांना काय दिसतं? मी मागे बसून बघते. हा एकच मुलगा असा आहे की शेवटच्या रांगेपर्यंत येतो. म्हणतो, मावशी, एकट्याच आलात का? पाणी आणून देतो. पंख्याखाली खुर्ची सरकवून देतो. आणि जाता जाता म्हणतो, इकडे बघा, एक फोटो तुमचा.

हे सांगताना बाईंचा चेहरा बघायला हवा होता. टोपीवाल्याचं लग्न असलं की त्या कपड्यांना इस्त्री करून यायच्या, हे माझ्या पुढे लक्षात आलं. मी चिडवायचे, काय बाई, आज लेकाकडे का? 'चल, काहीतरीच' म्हणायच्या आणि पर्सची चेन उगाच उघडझाक करायच्या. एकाच बाईला इतक्या लग्नांत बघून त्याला संशय कसा येत नाही, असंही मी एकदा विचारलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. 'त्याला वाटत असेल, आमचा गोतावळा मोठा आहे.'

त्याच्या अल्बमची संगणकावरची प्रत आमच्याकडे तपासायला येते. प्रत्येक अल्बममध्ये कुठेतरी बाई असायच्याच. कडेला नाही, चांगल्या निम्म्या पानावर. यावरून मला एक फोन आठवतो. नवरीची आई विचारत होती, पान बारावर या बाई कोण? आम्हाला वाटलं तिकडच्या, तिकडचे म्हणतात इकडच्या. चार दिवस दोन्ही घरांत शोध चाललाय. मी फोन ठेवला आणि पोट धरून हसले. बाईंना सांगितलं, तर त्याही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, पान बारा? मागच्या वेळी सत्तावीसवर होता. आणि त्यांनी हळूच मला विचारलं, तो एक फोटो छापून मिळेल का. मी दिला छापून.

त्या फोनचं पुढचं अर्धं मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं, खरंच.

यंदा हंगामाच्या तोंडावर बाई ऑफिसच्याच जिन्यावरून घसरल्या. घोट्याला चीर, सहा आठवडे प्लास्टर. नवीन यादी करायची वेळ, टोपीवाल्याची सरासरी अगदी काठावर, आणि त्याचं एक लग्न दोन दिवसांवर. साहेब म्हणाले, तू जा. मी म्हटलं, मला जमणार नाही, मी गप्प बसू शकत नाही. ते म्हणाले, तासभर बस. तेवढा वेळ गप्प राहिलीस तर तुझ्या घरच्यांवरही उपकार होतील.

जाण्याआधी बाईंनी मला फोनवर शिकवणी दिली. दाराजवळची खुर्ची घेऊ नकोस, लोक निरोप द्यायला लावतात. वही मांडीवर ठेवू नकोस, पर्समध्येच लिही. आणि टोपीवाल्याची काळजी करू नकोस, तो आपणहून येईल. 'तू काही बोलू नकोस हं, तोच विचारेल, एकट्याच का म्हणून.' एवढ्या खात्रीने सांगत होत्या, की मलाही जरा उत्सुकता वाटायला लागली. घरात आम्ही सात माणसं. मला एकटीच का असं विचारलेलं आठवतच नाही.

हॉल मोठा होता, छत उंच, खुर्च्यांना पांढरी आवरणं. टोपीवाला मुहूर्ताच्या पंचावन्न मिनिटं आधी आला. दिवे, पडदा, स्टँड सगळं वीस मिनिटांत लागलं. मी पाच लिहिले. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि वाट बघू लागले.

तो आला खरा. स्टेजवरून उतरला, मधल्या वाटेने सरळ शेवटच्या रांगेपाशी आला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक खुर्ची बघत गेला. माझ्यावरून नजर गेली तशी पुढे सरकली. आम्ही फोनवर पन्नासदा बोललो असू, पण मला त्याने कधी पाहिलेलं नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ काठी धरून बसले होते. त्यांच्यावरूनही नजर गेली. मग तो मागे वळला आणि दिवे सांभाळणाऱ्या त्याच्या भागीदाराला, आमच्यापासून चार हातांवर उभं राहून म्हणाला, 'करड्या कपड्यांवाली बाई आज नाही. सुटलो.'

भागीदार हसला. मला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं, बाई कशासाठी येतात ते त्याला ठाऊक होतं.

त्यानंतरचा तास मी बघितला आणि ऐकला. 'काका, हलू नका म्हटलं ना एकदा.' 'ही मुलं कोणाची आहेत? उचला.' जाड भिंगांच्या चष्म्याच्या एक आजी नवरीबरोबर फोटो काढायला जिना चढून स्टेजवर गेल्या, त्यांना त्याने हाताने बाजूला केलं, आत्ता नाही, नंतर. त्या बराच वेळ कडेला उभ्या होत्या. मग उतरून गेल्या. त्यांच्यासाठी ते 'नंतर' काही आलंच नाही. शेवटी तो माझ्यापाशी आला तो कॅमेरा डोळ्याला लावूनच. म्हणाला, ताई, खुर्ची मागे घ्या, मधे येताय.

मी खुर्ची मागे घेतली. आणि तेवढ्यात मला आठवलं.

सहा वर्षांपूर्वी, ते पहिले दोन गुण मिळाले तेव्हा, त्याने मला फोन केला होता. मी काय चुकलो ते सांगा, म्हणाला. माझ्यापुढे अजून चार फोन पडले होते, कपाळ दुखत होतं. मी फटकन बोलले, अहो, मागच्या रांगेत एखादी बाई पर्स मांडीवर घेऊन एकटी बसलेली असते, तिला निदान पाणी तरी विचारा, गुण आपोआप वाढतील. मला वाटलं होतं मी त्याला माणुसकी शिकवतेय. मोठी शहाणी मी. त्याने ते माणुसकी म्हणून ऐकलंच नाही. त्याने पत्ता म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॉर्म घेऊन मी बाईंच्या घरी गेले. फॉर्मवर त्यांची सही लागते. पहिल्यांदाच गेले, अकरा वर्षांत. एक खोली, एक ओटा, खिडकीशी पलंग. ओट्यावर एक कप पालथा, दुसरा कागदात गुंडाळलेला होता. तो त्यांनी मला सोडायला लावला आणि थर्मासमधला चहा ओतून घ्यायला सांगितलं. पलंगासमोर भिंतीवर तो फोटो होता, पान बारावरचा. हातात पाण्याचा पेला, मान किंचित वळलेली, आणि हसू असं की मी ते ऑफिसात कधी पाहिलेलं नाही. दुसरा एकही फोटो त्या खोलीत नव्हता.

प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बाई बसल्या होत्या. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, 'आला होता ना? विचारलं ना त्याने?'

मी चहा चांगला झालाय म्हणाले. अजून मी तो प्यायले नव्हते. बाईंनी हात पुढे केला, फॉर्म घेतला, चष्मा लावला. वेळ पाच. पाहुण्यांशी वागणूक एक. त्यांचा चेहरा लाल झाला. मला म्हणाल्या, तुला बसता आलं नसेल नीट. तू बोलली असशील मधेच. तुझा स्वभावच मेला तसला, कोणाचं चांगलं बघवत नाही. आणखीही बोलल्या. मी ऐकून घेतलं, कारण त्या बोलत होत्या तोवर मला बोलावं लागणार नव्हतं. मग त्या थांबल्या आणि मला सगळं सांगावं लागलं. खुर्च्यांवरून फिरलेली नजर, सुटलो म्हणाला ते, चष्म्याच्या आजी. आणि सहा वर्षांपूर्वी फोनवर मी त्याला काय बोलले ते. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी फॉर्म पालथा करून पलंगावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खिडकीखालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

मग त्या म्हणाल्या, पान बाराचं ते घर. त्यांनी वागणुकीत किती दिले होते?

'दोन.'

'का?'

आता लपवण्यात अर्थ नव्हता. नवरीच्या आईने फोनवर आधी त्या अनोळखी बाईंचं विचारलं होतं, आणि मग म्हणाली होती, आमच्या मुलीच्या सख्ख्या आजीचा मात्र एकही फोटो नाही हो. त्या तीनदा स्टेजवर गेल्या, तीनदा त्यांना खाली पाठवलं. ती बोलता बोलता रडायला लागली होती. मी दोन लिहिले, पुढच्या घरी फोन लावला, आणि बाईंना फक्त हसण्यासारखं तेवढं सांगितलं.

'म्हणजे त्या आजीच्या जागेवर मी बसलेय,' बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, यात तुमचा काय दोष? चूक माझी आहे, त्याची आहे. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्याचे जुने सगळे फॉर्म घेऊन ये म्हणाल्या, आजच. मी ऑफिसात परत गेले, फाइल घेऊन आले. चार वर्षांचे एकोणीस फॉर्म. बाईंनी ते पलंगावर तारखांप्रमाणे लावले आणि एकेकावर चौथ्या रकान्यातला पाच काट मारून खोडला. खोडलं त्यापुढे सही केली, आजची तारीख घातली, नियमाप्रमाणे. मला वाटलं आता तिथे त्या एक लिहितील. त्यांनी काहीच लिहिलं नाही. रकाने मोकळे सोडले.

मी म्हटलं, बाई, कमी तरी लिहा, मोकळं चालत नाही.

'काय लिहू?' त्या म्हणाल्या. 'हा रकाना पाहुण्यांशी वागणुकीचा आहे. तो मला पाहुणी समजून कधी भेटलाच नाही. एकोणीस वेळा गेले, एकदाही मोजण्यासारखं काही झालं नाही.'

मग त्यांनी माझ्या फॉर्मवर, त्या एक गुणाच्या फॉर्मवर, सही केली. उठताना मी भिंतीकडे बघायचं टाळलं. दारापर्यंत त्यांना येता येत नव्हतं. बसल्या जागेवरून म्हणाल्या, दार ओढून घे.

बाईंचे पाच निघाल्यावर टोपीवाला साडेतीनच्या बराच खाली आला. साहेब हळहळले, अल्बम सुरेख करायचा हो, म्हणाले. पण साठेक घरं चौथ्या रकान्यात एकच गोष्ट सांगत होती, आणि ती मीच फोनवर ऐकून कागदावर उतरवली होती. बाईंचं प्लास्टर निघालं, त्या काठी टेकत ऑफिसात आल्या, त्याच आठवड्यात नवीन यादी लागली. पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

दुपारी त्याचा फोन आला. मीच उचलला. बाई समोरच्या टेबलावर एका अल्बमची पानं तपासत होत्या.

सुरुवातीला तो नीट बोलत होता. मग आवाज चढला. म्हणाला, त्या तुमच्या बाईंना काय कमी केलं मी? दरवेळी पाणी, दरवेळी खुर्ची, घरच्यांच्या शिव्या खाऊन अल्बममध्ये अर्धं पान दिलं त्यांना, आता आणखी काय हवं होतं? घरी नेऊन जेवायला वाढू का? मी म्हटलं, ज्यांना ओळखत नव्हता त्यांना पाणी द्यायचं होतं. तो म्हणाला, असं कोण देतं? आणि फोन आपटला. तो खोटं बोलत नव्हता. मागच्या रांगेत पाणी घेऊन जाणारा फोटोग्राफर मला इतक्या वर्षांत कोणत्याच घराने सांगितलेला नाही.

रिसीव्हर ठेवला तेव्हा बाईंचं पान उलटायचं थांबलं होतं.

'काय म्हणाला?'

सहा वर्षांपूर्वी तोंड बंद ठेवायला हवं होतं तेव्हा ठेवलं नाही, आणि आता काहीतरी बरं बोलावं असं वाटलं. म्हटलं, यादीचं बोलत होता. पण आधी तुमची चौकशी केली त्याने. पाय कसा आहे विचारत होता.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान पोराकडे बघावं तसं.

'त्याला पायाचं कोणी सांगितलं?'

त्यांनी उत्तराची वाटही बघितली नाही. पुढचं पान उलटलं, भिंग लावून एका फोटोच्या कडा बघितल्या, शेरा लिहिला. मग म्हणाल्या, रविवारचं लग्न कुठे आहे, पत्ता दे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

मी पत्ता लिहिला. कागद पुढे करताना हिय्या केला आणि म्हटलं, बाई, मीही येते रविवारी. मुलांना सासूबाई बघतील. दोघी शेजारी बसू.

'वेडी आहेस का?' बाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. 'दोघी बसलो तर कुठलाही फोटोग्राफर नीटच वागेल. एकटीलाच जायला हवं.'